लग्नाला बारा वर्षं झाली, आता पहिल्यासारखं का वाटत नाही?

आजच्या भागाचा हा लेखी मजकूर. ऐकायला वेळ मिळाला नसेल तर निवांत वाचा, आणि ऐकला असेल तरी घरातल्या दुसऱ्या माणसाला वाचायला द्या, कारण आजचा विषय एकट्याचा नाही, जोडीचा आहे.

प्रश्न आलाय मिरजगावहून, म्हणजे अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यातून. नाव सांगू नका असं त्यांनी लिहिलंय, त्यामुळे सांगत नाही. थोडक्यात प्रश्न असा: "लग्नाला बारा वर्षं झाली. नवरा चांगला आहे, व्यसन नाही, भांडणं नाहीत. दोन मुलं आहेत. पण आधी तो गाडीवरून येताना आवाज ऐकला तरी छातीत धडधडायचं. आता तो आला, की मी फक्त चहा टाकते. आमच्यातलं प्रेम संपलं का?"

खूप साधा आणि खूप प्रामाणिक प्रश्न आहे. आणि यावर शास्त्रज्ञांनी बरंच काम केलंय. तर आज त्यातलं कामाचं तेवढं पाहू.

आधी बोअरचं पाणी

मिरजगावच्या भागात पाऊस कमी. तिथल्या माणसाला बोअर लागणं म्हणजे काय ते सांगायला नको. समजा तुमच्या शेतात बोअर घेतला आणि पाणी लागलं. पहिल्या दिवशी सगळी वस्ती बघायला येते. नारळ फुटतो, पेढे वाटले जातात. आठवडाभर माणूस उगाचच मोटार चालू करून धार बघत उभा राहतो. आणि सहा महिन्यांनी? बटण दाबलं, पाणी आलं, विषय संपला. पाणी तेवढंच आहे, धारही तेवढीच आहे. फक्त आता ती धार बघायला कुणी थांबत नाही.

याला मानसशास्त्रात हेडॉनिक अ‍ॅडॅप्टेशन म्हणतात. आपण त्याला 'सुखाची सवय' म्हणू. फिलिप ब्रिकमन आणि डोनाल्ड कॅम्पबेल या दोन अमेरिकन संशोधकांनी १९७१ मध्ये याला ट्रेडमिलची उपमा दिली. म्हणजे पाय चालतायत, पण माणूस जागच्या जागीच आहे.

हे असं का होतं? कारण आपला मेंदू 'किती आहे' यापेक्षा 'काय बदललं' याची जास्त दखल घेतो. उन्हातून घरात आलात, की दोन मिनिटं सगळं अंधारं वाटतं, मग डोळे सरावतात. भावनांचंही तसंच. चांगली गोष्ट रोजची झाली, की मेंदू तिची वर्दी देणं बंद करतो आणि नव्या गोष्टीकडे, नव्या धोक्याकडे लक्ष वळवतो. यात बिघाड काहीच नाही. उलट बोअर लागल्याचा पहिल्या दिवसाइतका आनंद रोज होत राहिला असता, तर माणसाला दुसरं कामच सुचलं नसतं.

मग लग्नाचीही सवय होते का?

होते. आणि किती दिवसांत होते, याचाही एक मोठा अभ्यास आहे. जर्मनीत दरवर्षी त्याच त्याच कुटुंबांना प्रश्न विचारून माहिती गोळा करतात. रिचर्ड लुकास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातली १५ वर्षांची माहिती घेतली. चोवीस हजारांहून जास्त माणसं होती. २००३ मध्ये निष्कर्ष छापून आला. लग्नाच्या सुमारास माणसाचं समाधान वर जातं, आणि सरासरी दोनेक वर्षांत ते लग्नाच्या आधी जिथं होतं तिथं परत येतं.

आता इथं थांबून नीट समजून घेऊ, कारण हा आकडा लोक चुकीचा वापरतात. 'दोन वर्षांत प्रेम संपतं' असं हा अभ्यास म्हणत नाही. एक तर यात मोजलं होतं आयुष्याबद्दलचं एकूण समाधान, जोडीदाराबद्दलचं प्रेम नव्हे. दुसरं, ही सरासरी आहे. सरासरीच्या आत काही माणसं अशी होती की जी वर गेली ती बरीच वर्षं वरच राहिली, आणि काही अशी की जी खाली गेली ती खालीच राहिली. म्हणजे उतार सगळ्यांना सारखा नसतो. आणि सारखा नसेल, तर तो कशाने कमी-जास्त होतो हे शोधता येतं.

उतार दोन वाटांनी येतो

केनन शेल्डन आणि सोन्या ल्युबोमिर्स्की या दोघांनी २०१२ मध्ये याची सोपी मांडणी केली. ते म्हणतात, सुखाची सवय दोन वाटांनी होते.

पहिली वाट म्हणजे नवे क्षण कमी होत जातात. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी रोज काहीतरी नवीन कळतं. त्याला कारल्याची भाजी आवडते, तिला अंधाराची भीती वाटते, तो झोपेत बडबडतो, ती हिशोबात पक्की आहे. दर वेळी एक छोटा धक्का, एक छोटं हसू. बारा वर्षांनी तो वाक्य सुरू करतो आणि शेवट तिला माहीत असतो. नवीन काही कळत नाही, म्हणून ते छोटे छोटे आनंद येत नाहीत.

दुसरी वाट जास्त लबाड आहे. आपली अपेक्षा हळूहळू वर सरकते. पहिल्या वर्षी नवऱ्याने एकदा चहा करून दिला, तर ती मैत्रिणीला फोन करून सांगते. पाचव्या वर्षी तो रोज सकाळी चहा करतो, आणि एखाद्या दिवशी केला नाही तर राग येतो. चहा तोच. आधी तो भेट होता, आता हक्क झाला. हेच उलट्या बाजूनेही. तिने दुकानाचा हिशोब लिहायला घेतला तेव्हा त्याला अप्रूप वाटलं, आज एक नोंद राहिली तर 'लक्ष कुठंय तुझं?' असं येतं.

म्हणजे उपायही दोनच दिशांनी येणार. एक, नवे क्षण परत आणायचे. दोन, जे आहे ते पुन्हा दिसायला लागेल असं काहीतरी करायचं. बाकी सगळे सल्ले या दोन पेट्यांतच बसतात.

'आपल्याकडे प्रेम नंतर वाढतं' हे खरं का?

इथं कुणीतरी म्हणेलच, की अहो हे सगळं तिकडच्या लोकांचं. आपल्याकडे बघून-ठरवून लग्न होतं, प्रेम नंतर येतं आणि वाढत जातं.

या म्हणण्यामागे खरोखर एक भारतीय अभ्यास आहे. १९८२ मध्ये उषा गुप्ता आणि पुष्पा सिंग यांनी जयपूरमधल्या ५० जोडप्यांना प्रेम मोजणारी प्रश्नावली दिली. प्रेमविवाह केलेल्यांचे गुण नव्या जोडप्यांत जास्त होते, पण जास्त वर्षं झालेल्यांत कमी. ठरवून केलेल्यांचं उलट, सुरुवातीला कमी आणि पुढे जास्त. हा निकाल जगभर पुस्तकांतून आणि भाषणांतून सांगितला जातो.

पण यात एक मेख आहे. ही तीच जोडपी वर्षानुवर्षं तपासलेली नव्हती. एकाच वेळी नवी जोडपी वेगळी आणि जुनी जोडपी वेगळी, अशी तुलना होती. आणि ५० जोडप्यांचे इतके गट पाडल्यावर एका गटात माणसं उरतात किती? मूठभर. पुढे २०१२ मध्ये अमेरिकेतल्या ५८ भारतीय विवाहितांवर एक अभ्यास झाला. त्यात प्रेमविवाह आणि ठरवून केलेलं लग्न यांत प्रेम, समाधान, बांधिलकी यातलं काहीच वेगळं निघालं नाही. तोही अभ्यास लहानच. तर सध्या एवढंच म्हणता येतं, की लग्न कसं जमलं यावरून सवयीपासून सुटका मिळते असा भक्कम पुरावा नाही. वाट कुठलीही असो, चहा हक्काचा होतोच.

वेल्क्रो बांधलेली जोडपी

आता उपायांकडे येऊ. यातलं सगळ्यात गाजलेलं काम आर्थर अ‍ॅरन यांचं. त्यांचं म्हणणं साधं आहे. माणूस प्रेमात पडतो तेव्हा तो मोठा होतो. त्याची आवड तुमची होते, तिची माणसं तुमची होतात, तिचं गाव तुमचं होतं. आपण काल होतो त्यापेक्षा आज थोडे जास्त आहोत, ही जी वाढ असते, तिचीच ती धडधड. मग एकमेकांबद्दलचं सगळं कळून झालं, की वाढ थांबते आणि धडधडही थांबते. प्रेम संपलेलं नसतं, वाढ थांबलेली असते.

हे खरं असेल, तर दोघांनी मिळून काहीतरी नवीन केलं की ती भावना परत यायला हवी. २००० मध्ये अ‍ॅरन आणि सहकाऱ्यांनी हे प्रयोगशाळेत तपासलं. जोडप्याला एका मोठ्या खोलीत नेलं. जिममधल्या गाद्या अंथरलेल्या, मध्ये एक अडथळा. दोघांचं एक मनगट आणि एक घोटा वेल्क्रोच्या पट्टीने एकमेकांना बांधला. मग सांगितलं, गुडघ्यांवर रांगत पलीकडे जाऊन परत या, आणि एक लांबट उशी दोघांच्या अंगांमध्ये धरून न्या. हात लावायचा नाही, दातांनी धरायची नाही. वेळेत झालं तर बक्षीस. दुसऱ्या गटातल्या जोडप्यांना तिथंच एक कंटाळवाणं काम दिलं, चेंडू ढकलत सावकाश रांगायचं. हा सगळा खेळ फक्त सात मिनिटांचा. खेळाआधी आणि नंतर नात्याबद्दल प्रश्न विचारले. उशीवाल्या जोडप्यांचं नात्याबद्दलचं मत कंटाळवाण्या कामवाल्यांपेक्षा जास्त सुधारलेलं दिसलं.

सात मिनिटांच्या खेळाने संसार सुधारतो असा याचा अर्थ नाही. पण त्याआधी, १९९३ मध्ये, शार्लट रीसमन, अ‍ॅरन आणि त्यांच्या एका सहकाऱ्याने घरच्या पातळीवर जास्त लांबचा प्रयोग केला होता, आणि माझ्या मते आपल्यासाठी तो जास्त कामाचा आहे. ५३ जोडपी होती. प्रत्येक नवरा-बायकोने कामांची एक यादी वेगवेगळी भरली, कुठलं काम आपल्याला सुखद वाटतं आणि कुठलं रोमांचक. मग जोडप्यांचे तीन गट केले. एका गटाने आठवड्यातून दीड तास दोघांना रोमांचक वाटणारं काही करायचं, दुसऱ्याने दीड तास दोघांना सुखद वाटणारं, आणि तिसऱ्याने काहीच वेगळं करायचं नाही. असे दहा आठवडे.

शेवटी 'रोमांचक' गटाचं समाधान 'सुखद' गटापेक्षा जास्त वाढलेलं होतं. हे महत्त्वाचं आहे, नीट लक्षात घ्या. नुसता वेळ एकत्र घालवणं पुरेसं ठरलं नाही. बाहेर जेवायला जाणं, सिनेमा बघणं, मित्रांकडे जाणं हे छानच आहे, पण त्याचीही सवय झालेली असते. फरक पडला तो नवेपणाने आणि थोड्याशा आव्हानाने.

मिरजगावात हे दीड तास कसे काढायचे?

आता उदाहरण घेऊ. हे जोडपं कल्पनेतलं आहे, पण असं घर तुम्हाला माहीत असेल. नगर–सोलापूर रस्त्यालगत हार्डवेअरचं छोटं दुकान. तो सकाळी नऊला शटर उघडतो, रात्री साडेआठला बंद करतो. ती घर, दोन मुलं, सासूबाई आणि दुपारी दोन तास दुकानाचा हिशोब बघते. लग्नाला अकरा वर्षं झालीत. महिन्याला वेगळे काढता येतील असे फार तर हजार रुपये.

ती त्याला म्हणते, "अहो, आठवड्यातनं दीड तास दोघांनीच काहीतरी करायचं म्हणे."

"काय करायचं? आन दुकान कोण बघणार?"

"तेच तर लिहायचंय. तुम्ही तुमची यादी करा, मी माझी करते. एकमेकांचं बघायचं नाही."

पहिली पायरी हीच. दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर दहा-दहा गोष्टी लिहायच्या. मग प्रत्येक गोष्टीला तीन प्रश्न विचारायचे. ही आपण दोघांनी आधी कधी केलीय का? यात दोघंही सारखेच नवखे आहोत का? आणि यात एकमेकांची गरज लागते का? तिन्ही उत्तरं बरोबर आली, तर ती गोष्ट ठेवायची.

बघा, या चाळणीतून काय गळतं. त्याच्या यादीत होतं, 'तिला मोटारसायकल शिकवणं'. चांगलं काम आहे, जरूर शिकवावं. पण यात तो मास्तर आणि ती विद्यार्थी. दहाव्या मिनिटाला 'क्लच सोड, क्लच सोड म्हणलं ना' सुरू होणार. दोघं एकत्र नवखे नाहीत, म्हणून ते या दीड तासात नको. तिच्या यादीत होतं, 'सगळ्यांनी मिळून शिर्डीला जाणं'. तेही छान, पण जीपमध्ये दहा माणसं, दोन पोरं उलटीला आलेली, आणि ती दिवसभर डबे उघडतेय. ती सहल कुटुंबाची झाली, जोडीची नाही.

मग चाळणीत काय राहतं? कर्जत तालुक्यातच रेहेकुरीला काळविटांचं अभयारण्य आहे. वर्षानुवर्षं त्या बाजूने गाडीवरून गेलेली, पण आत कधी न गेलेली कितीतरी माणसं आहेत. सकाळी लवकर निघायचं, कोण आधी काळवीट बघतं ते ठरवायचं, नर कुठला आणि मादी कुठली ते ओळखायचं. शेजारच्या जामखेड तालुक्यात खर्ड्याचा किल्ला आहे. १७९५ मध्ये मराठे आणि निजाम यांची लढाई झाली ती या खर्ड्यालाच. जाताना एकाने लढाईचं वाचून यायचं, दुसऱ्याने किल्ल्याचं, आणि तिथं उभं राहून एकमेकांना सांगायचं. पावसाळ्यात जामखेडजवळ सौताड्याचा धबधबा. हिवाळ्यात भिगवणला उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी येतात, तिथं होडीतून जाता येतं. पण या जागांना जायला-यायला वेळ लागतो, म्हणून दहा आठवड्यांत अशा दोन-तीनच धरायच्या.

बाकीचे आठवडे घरातच. एका रात्री दुकान बंद झाल्यावर भाकरी त्याने थापायची आणि तिने फक्त तोंडी सांगायचं, हात लावायचा नाही. (हो, इथं ती मास्तर आहे. पण हात बांधलेला मास्तर म्हणजे जवळजवळ वेल्क्रोचाच खेळ.) एका आठवड्यात मागच्या खोलीची एक भिंत दोघांनी रंगवायची, रंग दुकानातच आहे. एका आठवड्यात दोघांनाही न येणारा पदार्थ करायचा. एकदा गच्चीवर मोबाईलमधला आकाशाचा नकाशा घेऊन पाच तारे ओळखायचे. एकदा दोघांनाही न येणारं गाणं बसवून दाखवायचं, प्रेक्षक म्हणून पोरं आणि सासूबाई. यात खर्च फार नाही. खरी अडचण आहे ती दीड तास मिळण्याची. त्यासाठी वार आधीच ठरवायचा, मुलं सासूबाईंकडे, आणि सासूबाईंना खरं सांगायचं. लपवाछपवी केली, की घरात संशय आणि शेजारी चर्चा.

कुठं फसतं, आणि कसं ओळखायचं

पहिल्या दोन आठवड्यांत लाज वाटते. 'या वयात काय हे' असं दोघांनाही वाटतं. ते अपेक्षितच आहे, कारण नवं आहे म्हणूनच अवघडल्यासारखं होतं.

खरी घसरण साधारण चौथ्या-पाचव्या आठवड्यात होते, आणि ती तीन प्रकारची असते. एक, जे जमलं तेच परत परत करायला लागतो. रेहेकुरी आवडलं म्हणून चार वेळा रेहेकुरी. चौथ्या वेळी तेही बोअरच्या पाण्यासारखं होतं. दोन, एकच माणूस सगळं ठरवतो आणि दुसरा ओढला जातो. मूळ प्रयोगात दोघांनाही रोमांचक वाटणाऱ्याच गोष्टी निवडल्या होत्या, हे विसरू नका. तीन, मोबाईल. फोटो काढून स्टेटसला टाकायचा, मग कुणी बघितलं ते बघत बसायचं. दीड तासातला अर्धा तास असा जातो.

काम होतंय की नाही हे ओळखायला मी एक साधी गोष्ट सुचवतो. ही संशोधनातली नाही, माझी आहे. आठवड्याच्या शेवटी दोघांनी वेगवेगळं एक वाक्य लिहायचं: 'या आठवड्यात मला तुझ्याबद्दल काय नवीन कळलं?' तीन आठवडे सलग कागद कोरा राहिला, तर तुम्ही करताय ते सुखद आहे, पण नवीन नाही. यादी बदला.

दुसरी पेटी: जे आहे ते परत दिसणं

नवं आणणं ही एक दिशा झाली. दुसरी दिशा स्वस्त आहे, पण तिच्याकडे लक्ष जात नाही.

जॉर्डी क्वाडबाख आणि एलिझाबेथ डन यांनी २०१३ मध्ये चॉकलेटवर एक प्रयोग केला. लोकांना चॉकलेट खायला दिलं. मग काहींना सांगितलं, आठवडाभर अजिबात खाऊ नका. काहींना भरपूर चॉकलेट देऊन सांगितलं, हवं तेवढं खा. बाकीच्यांना काहीच सांगितलं नाही. आठवड्याने सगळ्यांना परत एक तुकडा दिला. ज्यांनी आठवडाभर सोडलं होतं, त्यांना तो सगळ्यात जास्त आवडला. मधला खंड सवय मोडतो.

आपल्याकडे असा खंड घरच्या रीतीत बसलेला होता. आखाडात नवी सून माहेरी जायची, पंचमीला, दिवाळीला मुऱ्हाळी यायचा. रीतीमागची कारणं वेगळी असतील, पण परिणाम काय व्हायचा ते तुम्हीच आठवा. पंधरा दिवसांनी ती परत आली, की घर वेगळं दिसायचं. आज फोन दर तासाला असतो, त्यामुळे माहेरी गेलं तरी खंड पडत नाही. 'जेवला का', 'पोरं झोपली का' चालूच. चार दिवस माहेरी जाणार असाल तर एकदा करून बघा, दिवसातून एकच फोन, तोही रात्री.

इथं एक इशारा. ज्यांचा नवरा आधीच आठवडाभर पुण्याला किंवा चाकणला कामाला असतो आणि रविवारी येतो, त्यांना खंड नकोय. त्यांच्याकडे खंडच जास्त आहे. त्यांच्यासाठी आधी सांगितलेले दीड तास.

आणखी एक प्रयोग मला फार आवडतो. २००८ मध्ये मिंक्युंग कू आणि सहकाऱ्यांनी बरीच वर्षं एकत्र असलेल्या लोकांना लिहायला बसवलं. काहींना सांगितलं, तुमची भेट कशी झाली ते लिहा. काहींना सांगितलं, तुमची भेट कशी झालीच नसती ते लिहा. आपल्याला वाटेल, की गोड आठवण लिहिणाऱ्यांना जास्त बरं वाटलं असेल. पण झालं उलट. 'झालीच नसती तर' लिहिणाऱ्यांचं नात्याबद्दलचं समाधान जास्त वाढलं. कारण गोड आठवण शंभर वेळा सांगून झालेली असते, तिचीही सवय झालेली असते. पण ती गाठ किती थोडक्यात चुकली असती हे आठवलं, की माणूस दचकतो.

आपल्याकडे याला केवढं सामान आहे बघा. मध्यस्थाने आधी दुसरंच स्थळ सांगितलेलं. पाहण्याच्या दिवशी एसटी चुकलेली. पत्रिका जुळत नाही म्हणून मामा अडून बसलेले. तिच्या वडिलांनी 'पावसाळ्यानंतर बघू' म्हणलं असतं तर? एका संध्याकाळी दोघांनी वेगवेगळं बसून पानभर लिहा, आपली गाठ कुठं कुठं चुकली असती. मग वाचून दाखवा. बऱ्याचदा त्यातूनच नवीन काहीतरी कळतं, की अगं, हे मला माहीतच नव्हतं.

सगळंच काही सवय नसतं

आता शेवटचा आणि महत्त्वाचा भाग. हे सगळं चालतं कुठं, आणि चालत नाही कुठं?

ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्यांचं उदाहरण घ्या. नवरा-बायकोच्या जोडीला तिथं 'एक कोयता' म्हणतात. मोजायची पद्धतच जोडीची. दिवाळीच्या आगेमागे निघायचं, उन्हाळा लागेपर्यंत फडात. चोवीस तास एकत्र, रोज नवं गाव, आणि काम दोघांशिवाय होतच नाही. वरवर बघितलं तर सगळ्या अटी पूर्ण होतायत. पण पहाटे उठून मोळ्या वाहणाऱ्या, डोक्यावर उचल असलेल्या माणसांना 'नवेपणा' सांगणं म्हणजे चेष्टा आहे. तिथं जे विझलेलं असतं ते सवयीने नाही, थकव्याने आणि कर्जाने विझलेलं असतं. त्याचं औषध झोप, मजुरी आणि सुरक्षितता.

ओळखायची खूण अशी. सवय झाली असेल, तर मनात 'कंटाळा' असतो, पण 'भीती' किंवा 'घृणा' नसते. जोडीदार आजारी पडला तर जीव खालीवर होतो. तो चार दिवस नसला तर घर रिकामं वाटतं. असं असेल, तर आजच्या भागातल्या गोष्टी तुमच्या कामाच्या आहेत. पण तो घरात आला की पोटात गोळा येत असेल, बोलताना शब्द तोलावे लागत असतील, हात उगारला जात असेल, तर तो प्रश्न सवयीचा नाही. तिथं दीड तासाचे खेळ करू नका, मदत घ्या. महिलांसाठी १८१ हा हेल्पलाइन क्रमांक आहे. आणि कशातच रस वाटत नसेल, फक्त नवऱ्यात किंवा बायकोत नाही तर जेवणात, मुलांत, कामातही नाही, आणि हे दोन-तीन आठवडे टिकलं असेल, तर ते नैराश्य असू शकतं. टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मराठीतही बोलतो.

पण नुसता कंटाळा आहे म्हणून दुर्लक्षही करू नका. अमेरिकेत मिशिगनमधल्या १२३ जोडप्यांना लग्नाच्या सातव्या वर्षी कंटाळ्याबद्दल विचारलं आणि परत सोळाव्या वर्षी समाधानाबद्दल. सातव्या वर्षी जास्त कंटाळा असलेल्यांचं समाधान नऊ वर्षांनी कमी निघालं. उलटं मात्र दिसलं नाही, म्हणजे सातव्या वर्षी असमाधान होतं म्हणून सोळाव्या वर्षी कंटाळा वाढला असं नव्हतं. मधला दुवा होता जवळीक. कंटाळ्याने जवळीक कमी होते, आणि जवळीक कमी झाली की समाधान. हा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला.

आणि दुसऱ्या टोकाचंही सांगतो. बियांका असेवेडो आणि अ‍ॅरन यांच्या गटाने २०१२ मध्ये सरासरी २१ वर्षं लग्न झालेल्या, आणि 'आम्ही अजूनही खूप प्रेमात आहोत' म्हणणाऱ्या १७ जणांच्या मेंदूची तपासणी केली. जोडीदाराचा फोटो दाखवल्यावर त्यांच्या मेंदूतला तोच भाग जागा झाला, जो नव्याने प्रेमात पडलेल्यांचा होतो. ही माणसं निवडून घेतलेली होती, म्हणून 'सगळ्यांचं असं होतं' असं नाही म्हणता येत. 'वीस वर्षांनी ते शक्यच नाही' असंही मात्र आता म्हणता येत नाही.

तर मिरजगावच्या ताई, तुम्ही लिहिलंय त्यात भीती नाही, राग नाही, फक्त धडधड नाही. याला प्रेम संपणं म्हणत नाहीत. बारा वर्षांत तुम्हाला त्या गाडीच्या आवाजाचा भरवसा वाटायला लागलाय, आणि ज्याचा भरवसा असतो त्याने छाती धडधडत नाही. धडधड हवी असेल तर तिच्यासाठी वेगळा वेळ काढावा लागेल. या आठवड्यात एवढंच करा: दोन कागद, दोन पेन, दहा-दहा गोष्टी. तो चहा पिताना त्याच्यासमोर एक कागद ठेवा.

बाकीच्या मंडळींनो, तुमच्या यादीतली सगळ्यात विचित्र गोष्ट कोणती होती ते आम्हाला नक्की कळवा. नाव सांगणार नाही, शब्द आमचा. भेटू पुढच्या भागात.